काकांचे गोड मेसेज नीट वाच

अगं, तू पाठवलेले सगळे स्क्रीनशॉट काल रात्री वाचले. तुला वाटतंय, घरमालक काका किती चांगले, एकदाही आवाज चढवला नाही. माणूस चांगला असेलही. पण त्यांच्या मेसेजमध्ये तुझे डिपॉझिटचे साठ हजार कुठे आहेत, ते मला सापडले नाहीत.

मी असे मेसेज वाचताना तीनच गोष्टी शोधते: कोण करणार, किती रकमेचं, आणि कधी. या तिन्ही असतील तरच ते कबूल केलं असं समजायचं. आता जुलैपासून बघ. तू बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय असं फोटोसकट कळवलंस. त्यांचं उत्तर, ‘पाहतो, प्लंबरला सांगतो.’ इथे निदान करणारा माणूस आहे, तारीख नाही. ऑगस्टमध्ये, ‘पावसाळा संपू दे, मग होऊन जाईल.’ आता करणारा माणूसही गेला, काम आपोआप होणार! शिवाय कारणही लागू पडत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोरड्या दिवसांत करतात, हे खरं. पण तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तुझ्या वर चौथ्याचं बाथरूम आहे. पाऊस नसलेल्या दिवशीही ठिबकत होतं, म्हणजे ते वरच्या पाइपचं किंवा नहाणी ट्रॅपच्या सांध्याचं दुखणं. त्याला पावसाळा संपायची वाट बघावी लागत नाही.

ऑक्टोबरचा मेसेज मात्र सगळ्यात महत्त्वाचा. ‘तुम्हीच करून घ्या, नंतर अ‍ॅडजस्ट करू.’ तू वरच्यांना विचारून प्लंबर बोलावलास, साडेतीन हजार दिलेस. कशात अ‍ॅडजस्ट? पुढच्या भाड्यात की डिपॉझिटमध्ये? ते लिहिलंच नाही, आणि तू पूर्ण भाडं भरत राहिलीस. पण हा मेसेज जपून ठेव. काम करायला त्यांनी सांगितलं आणि खर्च त्यांचा, एवढं तरी त्यात आलं आहे. प्लंबरची पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद त्याच चॅटमध्ये टाक.

आता तू घर सोडायची नोटीस दिल्यावर आलेलं उत्तर. ‘डिपॉझिटची अजिबात काळजी करू नका. घर बघून हिशोब करू. नवीन भाडेकरू आला की लगेच देतो.’ यातलं ‘लगेच’ तुला दिसलं. मला दिसली ती अट. भाडेकरू दोन महिने आला नाही तर? तुझा लिव्ह अँड लायसन्स करार काढून बघ. डिपॉझिट परत करण्याचं कलम त्यात असतं, आणि बहुतेक करारांत ते रिकाम्या घराचा ताबा देण्याशी जोडलेलं असतं. तुझ्याही करारात तसंच असेल, तर नव्या भाडेकरूची अट त्यांनी मेसेजमध्ये नव्याने घातली आहे. त्यावर तू ‘ओके काका’ लिहू नकोस. रंगकामाचं आणि झिजेचं काय लिहिलंय, तेही तिथेच वाच.

माझ्या मैत्रिणीचा घरमालक तुसडा होता. त्याने लिहिलं, ‘भिंती खराब केल्यात. आठ हजार कापणार. बाकीचे बावन्न चावी दिली की त्याच दिवशी.’ तिला रडू आलं. मी म्हटलं, अगं, रक्कम आहे, दिवस आहे, देणारा आहे. आठ हजारांवर भांड, दोन खिळ्यांच्या भोकांना एवढे कसे, कोटेशन दाखवा म्हण. पण बावन्न हजार त्याने कबूल केले आहेत.

काकांना आज हे पाठव: ‘काका, मी ३० तारखेला घर रिकामं करून चावी देते. डिपॉझिट ६०,०००, प्लंबरचे ३,५००, एकूण ६३,५०० होतात. काही कापायचं असेल तर कशाचे किती, ते २५ तारखेपर्यंत कळवा, म्हणजे ३० ला समोरासमोर हिशोब पूर्ण करू.’ बास, खाली विनंत्या जोडू नकोस. त्यांनी फोनच केला तर बोल, आणि ठेवल्यावर लगेच लिही, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक ठरलं.’ ते गप्प राहिले तरी तुझी नोंद राहते. चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आधी बंद कर.

आणि करार नोंदणी झालेला आहे ना, ते बघ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

३० तारखेला रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ, वीजमीटरच्या आकड्यासकट. आणि पैसे खात्यात आल्याचं दिसल्याशिवाय किंवा रक्कम आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय चावी हातातून सोडू नकोस.