सहपत्रांची यादी : एका अर्जाच्या निमित्ताने

चि. ताई,

तहसीलदार, भोकरदन यांच्या नावे तू लिहिलेला मसुदा मिळाला. मिरचीच्या तोडणीतून वेळ काढून पिंपळगाव रेणुकाईहून तू तो पाठवलास. मागणी बरोबर आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर दाजींच्या गटाचे क्षेत्र 1 हेक्टर 62 आर आहे आणि संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 1 हेक्टर 26 आर झाले आहे. आकडे उलटे पडले आणि 36 आर जमीन कागदावरून गेली. अशी लेखनचूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्त होते, हेही तू नीट लिहिले आहेस. माझी हरकत फक्त शेवटच्या ओळीला आहे : "सोबत : आवश्यक कागदपत्रे."

मजकुरात तू तीन ठिकाणी "सोबत जोडलेला सातबारा" म्हटले आहेस. पण सातबारे दोन आहेत आणि सगळा अर्जच त्या दोहोंतल्या फरकावर उभा आहे. वाचणाऱ्या कारकुनाने कोणता उचलायचा? पुढे "फेरफारावरून स्पष्ट होते" असे आहे, पण गठ्ठ्यात फेरफार नाही. उलट बँकेच्या पासबुकाची प्रत लावली आहेस आणि मजकुरात तिचा उल्लेखच नाही. तुझा अर्ज आवक शाखेतून संबंधित टेबलावर आणि तिथून अहवालासाठी तलाठ्याकडे जाईल. या वाटेत टाचणी निघते आणि पाने वेगळी होतात. अशा वेळी कोणते पान कशासाठी जोडले होते, हे सांगायला तू तिथे नसतेस. ते यादीनेच सांगायचे असते.

म्हणून आधी मजकूर पक्का कर आणि यादी त्यानंतर लिही. मजकूर वाचत जा. एखादे विधान कागदावर अवलंबून असेल तिथे थांब आणि वाक्याच्या शेवटी कंसात क्रमांक टाक. क्रमांक मजकुरात येतील त्याच क्रमाने द्यायचे. तुझ्या अर्जात ते असे येतील : "हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र 1 हे. 62 आर आहे (सहपत्र 1). संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 1 हे. 26 आर दिसते (सहपत्र 2) आणि आठ-अ वरही तीच चूक उतरली आहे (सहपत्र 3)."

पुढचे वाक्य अवघड आहे : "मधल्या काळात क्षेत्र कमी करणारा कोणताही फेरफार झालेला नाही." जे घडलेच नाही त्याचा कागद कुठून आणणार? तेव्हा हे विधान असे लिही : "दोन्ही सातबाऱ्यांवर शेवटचा फेरफार क्रमांक एकच आहे आणि त्या फेरफारात क्षेत्र 1 हे. 62 आर नोंदलेले आहे (सहपत्र 4)." त्यासाठी तो फेरफार आधी काढून वाच. त्यात तसे नसेल तर हे वाक्य लिहू नकोस.

मागच्या वर्षीचा अर्ज तू "संदर्भ" मध्ये घातला आहेस. संदर्भात लिहिलेले पत्र कार्यालयाकडे आहे असे धरले जाते, ते जोडले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. जुना कागद शोधण्याचे काम त्यांच्यावर सोडू नकोस. पोच असलेली प्रत लाव आणि मजकुरात "संदर्भीय अर्ज (सहपत्र 5)" असे म्हण.

आता यादी :

1. हस्तलिखित सातबारा, 1 पान
2. संगणकीकृत सातबारा, 1 पान
3. आठ-अ उतारा, 1 पान
4. फेरफार नोंद, 2 पाने
5. पूर्वीचा अर्ज, पोचेसह, 2 पाने
एकूण सहपत्रे 5, पाने 7.

प्रत्येक नोंदीत गट क्रमांक आणि उताऱ्याची तारीख घाल, आणि प्रत स्वयंसाक्षांकित आहे की प्रमाणित तेही लिही. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात शाईने "सहपत्र 4, पान 1" असे टाक. यादीत "फेरफार नोंद" असेल तर मजकुरात "नोंदीचा उतारा" म्हणू नकोस, नाव दोन्हीकडे एकच ठेव. पासबुक काढून टाक.

शेवटी पडताळणी दोन बाजूंनी कर. पेन्सिल घेऊन मजकुरातला प्रत्येक कंस वाच आणि ते पान हातात धर. मग उलट, प्रत्येक पान उचल आणि मजकुरात त्याचे वाक्य शोध. पहिल्या फेरीत राहिलेला कागद सापडतो आणि दुसऱ्या फेरीत फुकटचा. आयत्या वेळी एखादा कागद वाढला तर तो मध्ये घुसडू नकोस, त्याला सहपत्र 6 कर. मध्ये घातलास की यादीतले आकडे बदलले जातात आणि मजकुरातले तसेच राहतात. सर्वाधिक चुका इथेच होतात. तो कागद मध्येच हवा असेल तर दोन्हीकडचे आकडे बदल आणि दोन्ही फेऱ्या पुन्हा कर.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेशील, तेव्हा त्या प्रतीला यादीचे पानही जोडलेले असू दे आणि शिक्का त्याच्यावरही माग. पुढे कोणी "फेरफार लावलेला नव्हता" म्हटले तर दाखवायला तेवढेच हाती असेल. फेरफाराची प्रत मिळाली की मसुदा पुन्हा पाठव.

तुझा मामा