छेदाचे अवयव पडत नाहीत तेव्हा : पूर्ण वर्ग, लॉग आणि टॅन इन्व्हर्स



बारावीच्या संकलनाच्या, म्हणजे मुलांच्या भाषेत इंटिग्रेशनच्या, प्रकरणात एका प्रकारचं उदाहरण हमखास येतं. वर एकघाती पद, खाली वर्ग बहुपदी, आणि त्या बहुपदीचे अवयव काही केल्या पडत नाहीत. उत्तरात एक लॉग येतो आणि एक टॅन इन्व्हर्स. मुलं रीत पाठ करतात, उत्तर बरोबरही आणतात. पण "एकाच प्रश्नाच्या उत्तरात या दोन वेगळ्या गोष्टी कुठून आल्या?" असं विचारलं की गप्प बसतात. मग परीक्षेत एखादा 1/3 सुटला तर तो सुटलाय हेही त्यांना कळत नाही.

आजच्या लेखात एकच उदाहरण घेऊन ते नीट उलगडूया. दहावीत शिकलेली पूर्ण वर्ग पद्धत आठवत असेल तर पालकांनाही हे समजेल.

उदाहरण

∫ (3x + 5) / (x² + 4x + 13) dx

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट, अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा कमी आहे का? इथे वर 1 आणि खाली 2 आहे, म्हणजे ठीक. वर x² किंवा त्याहून मोठा घात असता तर आधी भागाकार करून घ्यावा लागला असता.

दुसरी गोष्ट, छेदाचे वास्तव अवयव पडतात का? त्यासाठी दहावीतला विवेचक काढा.

b² − 4ac = 16 − 52 = −36

विवेचक ऋण आहे, म्हणजे अवयव पडणार नाहीत. ही पायरी मुलं वेळ वाचवायला गाळतात, पण पुढची सगळी वाट इथेच ठरते. छेद x² + 4x + 3 असता तर त्याचे (x + 1)(x + 3) असे अवयव पडले असते. मग आंशिक अपूर्णांक करून उत्तरात फक्त लॉग आले असते. टॅन इन्व्हर्स येतो तो विवेचक ऋण असतो तेव्हाच.

छेदाचा पूर्ण वर्ग

x² + 4x हे कागदावर दाखवता येतं. x बाजूचा एक चौरस कापा. 4x साठी x लांबी आणि 2 रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक पट्टी चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरी खाली. आता x + 2 बाजूचा मोठा चौरस जवळजवळ तयार झाला. फक्त कोपऱ्यात 2 × 2 चा तुकडा कमी आहे, म्हणजे 4. आपल्याकडे 13 आहेत. त्यातले 4 कोपऱ्यात भरले की 9 उरतात.

x² + 4x + 13 = (x + 2)² + 9

या रूपातून आणखी एक गोष्ट दिसते. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून छेद कधीही 9 पेक्षा लहान होणार नाही. तो शून्य होत नाही आणि ऋणही होत नाही. म्हणूनच पुढे लॉगमध्ये केवलमूल्याच्या उभ्या रेघा लिहायची गरज पडत नाही. कुणी लिहिल्या तर चूक नाही, पण का लागत नाहीत हे मुलांना सांगता आलं पाहिजे.

आता अंशही त्याच भाषेत लिहा

बरीच मुलं इथे अडकतात. छेदात (x + 2) आलं, पण अंशात अजून x च आहे. आपण u = x + 2 घेऊ. म्हणजे x = u − 2 आणि dx = du. अंश असा होतो:

3x + 5 = 3(u − 2) + 5 = 3u − 1

म्हणून आपलं उदाहरण झालं:

∫ (3u − 1) / (u² + 9) du = 3 ∫ u / (u² + 9) du − ∫ 1 / (u² + 9) du

बघा, दोन तुकडे आपोआप पडले.

पहिला तुकडा: u² + 9 चं विकलन केलं की 2u मिळतं. वर u आहे, म्हणजे छेदाच्या विकलनाचा अर्धा भाग वर तयारच आहे. वर छेदाचं विकलन असेल तर उत्तर लॉग, हा नियम मुलांना माहीत असतो.

3 ∫ u / (u² + 9) du = (3/2) ln(u² + 9)

दुसरा तुकडा: इथे वर u नाहीच, त्यामुळे लॉगचा नियम चालत नाही. मुलांना ∫ 1/(t² + 1) dt = tan⁻¹ t हे पाठ असतं. आपल्याला 9 च्या जागी 1 हवा आहे, म्हणून u = 3t घेऊ. मग du = 3 dt आणि छेद होतो 9t² + 9 = 9(t² + 1). वर 3, खाली 9, म्हणून बाहेर 1/3 उरतो. सूत्रातला 1/3 येतो तो इथून.

∫ 1 / (u² + 9) du = (1/3) tan⁻¹(u/3)

u च्या जागी परत x + 2 ठेवलं की पूर्ण उत्तर:

(3/2) ln(x² + 4x + 13) − (1/3) tan⁻¹((x + 2)/3) + C

पुस्तकातली रीत वेगळी आहे का?

नाही. क्लासमध्ये आणि पुस्तकात बहुधा अंश = A × (छेदाचं विकलन) + B अशी रीत असते. इथे 3x + 5 = A(2x + 4) + B. x चे सहगुणक जुळवले की A = 3/2. मग 5 = 6 + B, म्हणून B = −1. आपल्या 3u − 1 मधला −1 तो हाच. मुलाला जी रीत सोपी वाटेल ती वापरू द्या. पण एकदा दोन्ही रीतींनी करून −1 जुळतो का ते बघायला सांगा.

दोनच तुकडे का?

छेद u² + 9 हा u = 0 च्या, म्हणजे x = −2 च्या, दोन्ही बाजूंना अगदी सारखा आहे. अंशातला 3u मात्र एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला तितकाच ऋण आहे. −1 दोन्हीकडे सारखाच. म्हणजे पहिला तुकडा दोन बाजूंना उलट चिन्हाचा आणि दुसरा दोन बाजूंना सारखा.

याचा पडताळा घेता येतो. x = −5 पासून x = 1 पर्यंत संकलन करा. u −3 पासून 3 पर्यंत जातो. लॉगच्या आत दोन्ही टोकांना 18 येतात, त्यामुळे लॉगचा भाग पूर्ण रद्द होतो. उरतं −(1/3)(π/4 + π/4) = −π/6. लॉग मोजतो तो डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. टॅन इन्व्हर्स मोजतो तो दोन्ही बाजूंना समान असलेला भाग. म्हणून ही दोन पदं एकमेकांत मिसळत नाहीत.

उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

पहिला उपाय म्हणजे उत्तराचं विकलन करून बघणं. टॅन इन्व्हर्सच्या पदाचं विकलन करताना 1/3 दोनदा येतो, एकदा बाहेरचा आणि एकदा आतल्या (x + 2)/3 चा. दोन्ही मिळून 1/9, आणि तोच छेदातल्या 9 ला जुळतो. बाहेरचा 1/3 विसरला असेल तर इथे लगेच पकडला जातो.

दुसरा उपाय कॅल्क्युलेटरचा. x = −2 पासून 1 पर्यंतची किंमत काढू. आपल्या उत्तराने:

(3/2) ln(18/9) − (1/3)(π/4) ≈ 1.040 − 0.262 = 0.778

आता मूळ फलाच्या किमती थेट काढा. x = −2 ला −0.111, x = −1 ला 0.2, x = 0 ला 0.385, x = 1 ला 0.444. दोन टोकांची सरासरी 0.167 घ्या आणि मधल्या दोन किमती मिळवा. बेरीज साधारण 0.75 येते. समलंबांनी काढलेलं हे अंदाजी क्षेत्रफळ आहे, आणि ते 0.778 च्या जवळ आहे. 1/3 विसरला असता तर उत्तर 0.254 आलं असतं. वजा ऐवजी अधिक लिहिलं असतं तर 1.30. दोन्ही चुका लगेच डोळ्यात भरतात.

x² चा सहगुणक 1 नसेल तर

इथे चुका जास्त होतात, म्हणून एक छोटं उदाहरण: ∫ 1 / (2x² + 2x + 5) dx.

आधी 2 बाहेर काढा, मगच पूर्ण वर्ग करा.

2x² + 2x + 5 = 2(x² + x + 5/2) = 2[(x + 1/2)² + (3/2)²]

बाहेर 1/2 आहे. टॅन इन्व्हर्समुळे 3/2 चा व्यस्त, म्हणजे 2/3 येतो. गुणाकार 1/3. उत्तर:

(1/3) tan⁻¹((2x + 1)/3) + C

मुलं बाहेर काढलेला 2 कंसापुढे लिहितात आणि पुढच्या ओळीत विसरतात. तो 1/2 संकलन चिन्हाच्या आधी लगेच लिहायची सवय लावा. आणि कंसात 5 ऐवजी 5/2 झाले आहेत ना, हेही बघायला सांगा.

सरावासाठी

1) ∫ (2x + 7) / (x² + 6x + 10) dx

2) ∫ (x − 1) / (x² − 2x + 5) dx

3) ∫ (4x + 1) / (4x² + 4x + 5) dx

उत्तरे

1) ln(x² + 6x + 10) + tan⁻¹(x + 3) + C

2) (1/2) ln(x² − 2x + 5) + C

3) (1/2) ln(4x² + 4x + 5) − (1/4) tan⁻¹((2x + 1)/2) + C

दुसऱ्या उदाहरणात टॅन इन्व्हर्स का आला नाही, हे मुलांना जरूर विचारा. u = x − 1 घेतलं की अंशात नुसता u उरतो, सुटी संख्या उरतच नाही. हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर दोन तुकड्यांची गोष्ट त्याला समजली असं समजा.