जे जिवंतच नाही, ते मरेल कसे?

चेन्नईत प्रथमोपचाराच्या तासाला मी कॅडेट्सना एम. आय. रूममधला ऑटोक्लेव्ह दाखवतो. तो म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ १५ मिनिटे दिली की विषाणू, जिवाणू आणि त्यांचे चिवट बीजाणूसुद्धा मरतात. परवा एकाने विचारले, "सर, यातून काहीच वाचत नाही?"

वाचते. त्याला मी झुरिचची गोष्ट सांगितली. ती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रॉइट्सफेल्ड-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग झालेल्या एका रुग्णाच्या मेंदूत तपासणीसाठी बारीक इलेक्ट्रोड घातले होते. नंतर ते बेन्झिनने पुसले, ७० टक्के अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडची वाफ वापरून निर्जंतुक केले आणि अपस्माराच्या दोन रुग्णांत वापरले. एकाचे वय २३, दुसऱ्याचे १७. दोन वर्षांच्या आत दोघांनाही तोच रोग झाला. पुढे तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत घातले. दीड वर्षाने तोही आजारी पडला.

असे का झाले? जंतू वाढतो तो त्याच्या डीएनए किंवा आरएनएच्या जोरावर, आणि ते निकामी केले की त्याची वाढ थांबते. इथे तसे काही नव्हतेच. मेंढ्यांच्या अशाच रोगावर काम करताना टिकवा आल्पर यांना १९६७ मध्ये दिसले, की न्यूक्लिक आम्ले नष्ट करणारे अतिनील किरण या रोगकारकाला निकामी करत नाहीत. १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी त्याला 'प्रायॉन' हे नाव दिले.

प्रायॉन हे आपल्याच शरीरातील एक प्रथिन असते, फक्त त्याची घडी चुकलेली असते. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखीच घडी घालायला लावते. ही चुकीची घडी इतकी घट्ट असते, की नेहमीची उष्णता ती पूर्ण उलगडेल याचा भरवसा नाही. फॉर्माल्डिहाइड तर प्रथिने एकमेकांना जखडून टाकते, म्हणजे घडी आणखी पक्की होते. अवजारावर मेंदूचा अंश वाळला, तर प्रायॉन काढणे आणखी अवघड जाते.

फसगत अशी, की ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग बदलतो, बीजाणूंची चाचणीही उत्तीर्ण होते, कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. सगळे ठीक दिसते, कारण या चाचण्या प्रायॉन शोधतच नाहीत.

म्हणून अशा रुग्णाच्या मेंदूवर, मज्जारज्जूवर किंवा डोळ्यावर वापरलेली अवजारे शक्यतो जाळून टाकतात. ठेवायचीच असतील, तर ती वाळू न देता लिटरला ४० ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासभर बुडवतात, धुतात आणि मग ऑटोक्लेव्ह करतात. रुग्णाला नुसता हात लावल्याने मात्र हा रोग होत नाही.

त्या कॅडेटने वहीत लिहिले : "आधी विचारा, मारायचे काय आहे?" मी खाली सही केली.