चार मिनिटांचा फरक

मुलांनो, माघ-फाल्गुनातील एखाद्या निरभ्र रात्री अंगणात एक जागा ठरवून उभे राहा आणि व्याधाचा तेजस्वी तारा शेजारच्या भिंतीच्या कडेआड केव्हा जातो, ते घड्याळात पाहा. समजा, आज तो ९ वाजता दिसेनासा झाला. उद्या त्याच जागेवरून पाहाल, तर तो ८ वाजून ५६ मिनिटांनीच कडेआड जाईल आणि पंधरा दिवसांनी ८ वाजताच. घड्याळ बिघडले, असे मात्र समजू नका.

तारे फार दूर आहेत. म्हणून पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी पुरी होताच तोच तारा पुन्हा त्याच जागी दिसतो. या फेरीस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. हा नाक्षत्र दिन होय. सूर्याची गोष्ट निराळी आहे. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीच्या आपल्या मार्गावर सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे तोच सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यासाठी तिला आणखी सुमारे एक अंश फिरावे लागते व त्यात जवळजवळ चार मिनिटे जातात. हा सौर दिन. हे चार-चार मिनिटांचे तुकडे साठून वर्षात एक पुरी फेरी होते. म्हणून दिवस ३६५, पण फेऱ्या ३६६!

घड्याळे ताऱ्यांप्रमाणे लावली, तर आज दुपारी वाजलेले बारा सहा महिन्यांनी मध्यरात्री वाजतील. शाळेची घंटा मग केव्हा द्यावी?

तेव्हा घड्याळ सूर्याप्रमाणेच हवे. पण सूर्यही नेमका नाही. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते व वेगाने धावते, जुलैत ती मंदावते. शिवाय तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांनी सौर दिन काही सेकंदांनी लहानमोठे होतात. असा लहरी दिवस कोणते यंत्र दाखवील? म्हणून वर्षभर एकसारख्या गतीने चालणारा एक सूर्य कल्पिला व त्याचा दिवस बरोबर २४ तासांचा मानला. हाच मध्यम सौर काल. आपली घड्याळे ८२½ अंश पूर्व रेखांशावरील मध्यम सौर काल दाखवतात.

पुणे या रेखांशाच्या पश्चिमेस असल्याने तेथे कल्पित सूर्य सुमारे ३५ मिनिटे उशिरा मध्यान्ही येतो. आता पुण्यात एक काठी उभी रोवा. तिची सर्वांत आखूड सावली ३ नोव्हेंबरच्या सुमारास १२ वाजून १८ मिनिटांनी पडते, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२ वाजून ४९ मिनिटांनी. एवढे अंतर सेकंदासेकंदांनीच साठते. वर्षातून चार वेळा खरा व कल्पित सूर्य एकदम मध्यान्ही येतात. त्यांपैकी एक वेळ १५ एप्रिलच्या आसपासची. त्या दिवशी ती सावली १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पडलेली दिसेल.