*घरगुती उद्योगाचा हिशोब: रोजमेळ ते महिनाअखेर (नागली पापडाच्या नमुन्यासह)*



पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी भागातल्या बऱ्याच घरांत उन्हाळ्यात नागलीचे पापड होतात. माल खपतो, पण महिन्याच्या शेवटी डबा उघडला की पैसे होते तेवढेच दिसतात. मग घरात प्रश्न निघतो, "एवढं राबून उरलं काय?"

डब्यातले पैसे म्हणजे नफा नव्हे. काही पैसा उधारीत असतो, काही मालात आणि पिशव्यांत अडकलेला असतो, काही घरखर्चाला गेलेला असतो. तो शोधून काढायचा म्हणजेच महिना बंद करायचा. आजचा धडा त्याचाच आहे. मेसेज मोठा आहे, वही-पेन घेऊन बसा.

📒 *१) एक वही, तीन पाने*

*रोजमेळ:* पैसा हातात आला किंवा हातातून गेला, की त्याच दिवशी नोंद. प्रत्येक रकमेपुढे "रोख" की "बँक" ते लिहा. फोनवर आलेले पैसे "बँक".

*उधारी पान:* माल दिला पण पैसे आले नाहीत, तर नोंद इथे. रोजमेळात नाही.

*माल पान:* किती पाकिटे बनली, किती विकली, किती घरी खाल्ली.

शेतीचा खर्च या वहीत आणू नका. घरखर्चाला पैसे काढले तर ते जरूर लिहा, पण "खर्च" म्हणून नाही, "उचल" म्हणून. मुलाची फी हा पापडाचा खर्च नाही. तो खर्चात धरला तर पापड तोट्यात दिसेल.

✍️ *२) नमुना रोजमेळ: एप्रिल*

(आकडे शिकण्यासाठी घेतले आहेत. भाव तुमच्याकडचे लावा. पाकीट पाव किलोचे, किरकोळ भाव ८० रु., दुकानदाराला ७० रु.)

१ ता. – आरंभीची शिल्लक: रोख २,०००, बँक ६,०००
२ ता. – नागली ६० किलो, ४५ रु. दराने: खर्च २,७०० (बँक)
३ ता. – दळण: खर्च ३०० (रोख)
३ ता. – पापडखार, मीठ, जिरे, तीळ: खर्च ९०० (रोख)
४ ता. – लेबलसह पिशव्या ५०० नग: खर्च १,५०० (बँक)
१० ता. – विक्री ६० पाकिटे: जमा ३,२०० (रोख), १,६०० (बँक)
१२ ता. – मजुरी, दोघी बाया ४ दिवस, ३०० रु. रोज: खर्च २,४०० (रोख)
१५ ता. – घरखर्च: उचल १,००० (रोख)
२० ता. – जळण: खर्च ४०० (रोख)
२२ ता. – विक्री ७० पाकिटे: जमा २,४०० (रोख), ३,२०० (बँक)
२५ ता. – दुकानदाराकडून उधारीपैकी आले: जमा १,५०० (बँक)
२८ ता. – मुलाची फी: उचल २,००० (बँक)
२९ ता. – गाडीभाडे: खर्च ३०० (रोख)
*३० ता. – अखेरची शिल्लक: रोख २,३००, बँक ६,१००. एकूण ८,४००*

*उधारी पान:* १८ ता. दुकानदाराला ५० पाकिटे, ३,५०० रु. २५ ता. आले १,५००. *बाकी २,०००.*

*माल पान:* बनली २००. विकली १८० (६० + ५० + ७०). घरी व पाहुण्यांना ४. *शिल्लक १६.*

महिन्याची सुरुवात ८,००० ने झाली, शेवट ८,४०० वर. वरवर पाहिलं तर कमाई फक्त ४०० रुपये. आता महिना बंद करून बघू.

🔒 *३) महिना बंद करण्याची चार कामे*

*पहिले काम: पैसे जुळवा.* डब्यातली रोकड मोजा, बँकेची शिल्लक फोनवर बघा. दोन्ही वहीशी वेगवेगळे जुळले पाहिजेत. डब्यात १०० कमी आणि बँकेत १०० जास्त असतील, तर फोनवर आलेली विक्री "रोख" म्हणून लिहिली गेली आहे. बेरीज एकत्र केली तर ही चूक सापडत नाही.

*दुसरे काम: उधारी जुळवा.* दुकानदाराला विचारा, "माझे किती द्यायचे राहिले?" त्याचा आकडा आणि तुमचा आकडा एक हवा. इथे २,०००.

*तिसरे काम: माल मोजा आणि किंमत लावा.* पाकिटे, पीठ, पिशव्या सगळे मोजा. किंमत *लागत खर्चाने* लावायची, विक्रीच्या भावाने नाही. न विकलेल्या पाकिटाला ८० रु. लावले, तर न झालेला नफा आजच वहीत येतो.

पीठ: ६० किलो नागली निवडून, दळून ५८ किलो पीठ मिळाले. नागली आणि दळण मिळून ३,००० रु. लागले, म्हणजे पीठ किलोला साधारण ५२ रु. पडले. निवडण्यातली घट अशी भावात येते. उरलेले १० किलो = ५२० रु.

पिशव्या: ५०० पैकी ३०० उरल्या, ३ रु. दराने = ९०० रु.

पाकिटे: २०० पाकिटांना वापरलेले पीठ २,४८०, मसाला ९००, पिशव्या ६००, मजुरी २,४००, जळण ४००. एकूण ६,७८०, म्हणजे पाकिटामागे साधारण ३४ रु. शिल्लक १६ पाकिटे = ५४४ रु.

*शिल्लक माल एकूण १,९६४ रु.*

*चौथे काम: नफा काढा.*

विक्री (उधारीसह): ४,८०० + ३,५०० + ५,६०० = १३,९००
महिन्याचा खर्च (उचल सोडून): ८,५००
वजा शिल्लक माल: १,९६४
वजा घरी खाल्लेली ४ पाकिटे, ३४ रु. दराने: १३६ (ही पण उचलच)
विकलेल्या मालाचा खर्च: ६,४००
*नफा: १३,९०० – ६,४०० = ७,५०० रु.*

✅ *उलटा ताळा करून बघा.* आज धंद्यात आहे: पैसे ८,४०० + उधारी २,००० + माल १,९६४ = १२,३६४. त्यात उचल मिळवा: ३,००० + १३६. झाले १५,५००. सुरुवातीचे ८,००० वजा केले की ७,५००. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले, म्हणजे महिना बंद झाला. (आपल्या नमुन्यात आधीचा माल आणि उधारी नव्हती. पुढच्या महिन्यापासून त्याही सुरुवातीच्या आकड्यात धरायच्या.)

⚠️ *या ७,५०० मध्ये घरच्यांची मजुरी धरलेली नाही.* समजा घरातल्या दोघींचे मिळून २५ दिवस गेले. ७,५०० भागिले २५ = दिवसाला ३०० रु. बाहेरच्या बाईला आपण दिले तेवढेच. म्हणजे एप्रिलमध्ये घरच्यांची मजुरी सुटली, त्यावर काही उरले नाही. मशीनसाठी कर्ज काढण्याआधी हा आकडा बघा, कारण हप्ता याच पैशातून जायचा आहे. म्हणून माल पानावरच घरच्यांचे दिवसही टिपत जा.

🔎 *४) नेहमी होणाऱ्या दोन चुका*

*उधारी दोनदा विक्रीत धरणे.* १८ तारखेला ३,५०० ची विक्री झाली. २५ तारखेला आलेले १,५०० ही नवी विक्री नाही, जुन्याची वसुली आहे. विक्रीत पुन्हा मिळवली तर नफा १,५०० ने फुगतो.

*रोकड जुळत नाही म्हणून "किरकोळ खर्च" लिहून जुळवणे.* असं करू नका, फरक शोधा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेले आहेत: ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. तसे नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधा. खर्चाची रक्कम चुकून जमेला लिहिली की फरक तिच्या दुप्पट पडतो. एवढं करूनही सापडला नाही, तर "फरक" असेच नाव देऊन लिहा.

📝 *५) सराव*

*सराव १:* ३१ मेला वहीप्रमाणे रोकड ४,१५०. डब्यात ३,९१०. रोजमेळात जमेच्या बाजूला या नोंदी आहेत: विक्री ६४०, दळण १२०, विक्री ४००. चूक कुठे?

*सराव २:* हाच उद्योग, महिना मे. सुरुवात: पैसे ८,४००, उधारी २,०००, माल १,९६४. महिन्यात रोख व ऑनलाइन विक्री ९,६००. उधार विक्री ४,२००. उधारीची वसुली ३,७००. खर्च १३,२००. उचल २,५००. पावसाळ्यात वाळवण होत नाही, म्हणून माल जास्त करून ठेवला आहे. अखेरचा माल लागत खर्चाने ८,२६४. अखेरचे पैसे, उधारी आणि नफा काढा.

आधी स्वतः सोडवा, मग खाली बघा 👇

*उत्तर १:* फरक २४०. त्याला ९ ने पूर्ण भाग जात नाही. निम्मे १२०. दळणाचे १२० हा खर्च आहे, तो जमेला लिहिला गेला. खर्चाच्या बाजूला घेतला की वही ३,९१० वर येते.

*उत्तर २:* पैसे: ८,४०० + ९,६०० + ३,७०० – १३,२०० – २,५०० = *६,०००*. उधारी: २,००० + ४,२०० – ३,७०० = *२,५००*. विकलेल्या मालाचा खर्च: १,९६४ + १३,२०० – ८,२६४ = ६,९००. नफा: १३,८०० – ६,९०० = *६,९०० रु.*
ताळा: ६,००० + २,५०० + ८,२६४ + उचल २,५०० – सुरुवातीचे १२,३६४ = ६,९००. जुळले.

मे महिन्यात हातातले पैसे २,४०० ने *कमी* झाले, तरी नफा ६,९०० झाला. पैसा डब्यात माल होऊन बसला आहे. पण तो माल पावसात ओलावला, बुरशी आली किंवा तुटला, तर तेवढी पाकिटे त्या महिन्याच्या मोजणीतून काढावी लागतील आणि नफा तेवढ्याने खाली येईल. म्हणून माल दर महिन्याला हाताने मोजायचा, अंदाजाने लिहायचा नाही.

📸 या महिन्याच्या ३० तारखेला चारही कामे करून वहीच्या पानाचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. जुळले नाही तरी आहे तसे पाठवा, आपण मिळून फरक शोधू. पुढचा धडा: दुकानदाराला ७० ने द्यायचे की बाजारात बसून ८० ने विकायचे, हे लागत खर्चावरून कसे ठरवायचे.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक