गाडी सगळ्यांची, नाव एकाचं

आईबाबांनो, घरात गाडी घ्यायचं ठरलं की रंग, मॉडेल आणि मुहूर्त यांवर बोलणं होतं. पैसे कोण किती घालणार तेही कसंबसं ठरतं. नाव कुणाचं लावायचं हा प्रश्न आला की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "बाबांचंच लावू, घरातले मोठे तेच." त्यामागचा मान मला कळतो. पण बँकेच्या कर्जविभागात बसून अशी कितीतरी कुटुंबं पाहिल्यावर मला तुमच्याशी या एकाच गोष्टीबद्दल मनापासून बोलावंसं वाटतं.

आधी कायदा काय मानतो ते बघू. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 41 मध्ये सांगितलंय की गाडीचे मालक एकाहून जास्त असतील, तर त्यांच्यातल्या एकानं सर्वांच्या वतीनं नोंदणीचा अर्ज करायचा, आणि या कायद्यापुरता तोच मालक मानला जाईल. म्हणजे तुम्ही तिघांनी पैसे घातले तरी आरटीओच्या दृष्टीनं मालक एकच. ई-चलान त्याच्या नावानं येतं, अपघाताच्या दाव्यात नोटीस त्याला जाते, विकताना सही त्याची लागते. फ्लॅटच्या करारावर नवरा-बायकोची दोन नावं सहज लागतात. आरसी बुकात तसं होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात राहणारे निवृत्त वडील, पुण्यात नोकरी करणारा थोरला मुलगा आणि मुंबईत नोकरी करणारी धाकटी मुलगी. गाडी ऑन-रोड 11 लाखांची. वडिलांनी आपल्या पुंजीतून 3 लाख दिले आणि 8 लाखांचं कर्ज काढलं. 9 टक्के व्याज आणि 5 वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण 16,600 रुपये बसतो. मुलगा 10,000 भरणार, उरलेले मुलगी देणार. गाडी पुण्यात राहणार, चालवणार मुलगा. आरसी मात्र वडिलांच्या नावावर, आणि वडिलांना पगार नाही म्हणून बँकेनं दोन्ही मुलांना सहअर्जदार करून घेतलं. वरवर पाहता सगळं गोड झालं.

आता मुलीचं बघा. दोन वर्षांनी ती स्वतःच्या घरासाठी गृहकर्ज मागते. सहअर्जदार म्हणून तिनं सही केली आहे, त्यामुळे हे कर्ज तिच्या क्रेडिट अहवालात पूर्ण दिसतं. ती दरमहा साडेसहा हजारच देते हे तुम्हा तिघांना ठाऊक आहे, पण बँक सहसा पूर्ण हप्ता तिच्या डोक्यावर धरून तिची पात्रता मोजते. शिवाय भावाचा एखादा हप्ता चुकला तर डाग तिच्याही नावावर. सहअर्जदार झालं की बँक सगळी थकबाकी कुणा एकाकडूनही मागू शकते. जामीनदाराचंही फारसं वेगळं नाही. "नुसती सही कर" असं तुम्ही लेकीला म्हणता, तेव्हा खरं तर अख्खं कर्ज तिच्या पदरात टाकत असता.

मुलाचं दुखणं वेगळं आहे. तो रोज गाडी चालवतो, पण पॉलिसी वडिलांच्या नावावर. मालक-चालकासाठी जो 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो पॉलिसीत नाव असलेल्या आणि वैध परवाना असलेल्या मालकासाठी. मुलगा मालक नाही, त्यामुळे ते कवच त्याला लागू होत नाही. समोरच्याला झालेल्या इजेची भरपाई विमा कंपनी देते. प्रश्न गाडी हाकणाऱ्या आपल्याच मुलाचा आहे. काही घरांत तर प्रेमानं आईच्या नावावर गाडी घेतात आणि आईकडे परवानाच नसतो. मग ते कवच कुणालाच मिळत नाही. आणखी एक गोष्ट: दरवर्षी दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जी वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीला चिकटत नाही, पॉलिसीधारकाला चिकटते. पाच वर्षं जपून चालवणार मुलगा, आणि सूट जमणार वडिलांच्या खात्यात.

हे बोलायला जड जातं, तरी बोलते. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर आई, मुलगा आणि मुलगी हिंदू वारसा कायद्यानं समान वारस होतात. आजी हयात असेल तर तीही. हप्ते कुणी भरले हे आरसी सांगत नाही. वारसांनी 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचं असतं. दुःखाच्या त्या दिवसांत भावाबहिणीला हिशेब काढत बसावं लागू नये, म्हणूनच हे आज बोलायचं.

माझं मत स्पष्ट आहे. जो गाडी चालवणार, ज्याच्याकडे परवाना आहे आणि जो हप्ता भरू शकतो, त्याच्याच नावावर आरसी, मुख्य कर्ज आणि पॉलिसी, तिन्ही ठेवा. वरच्या उदाहरणात तो मुलगा. त्याच्या एकट्याच्या पगारावर 8 लाख मंजूर होत नसतील, तर बहिणीला कर्जात ओढण्याआधी रक्कम कमी करा किंवा स्वस्त गाडी बघा. बहिणीनं आपला वाटा दरमहा भावाच्या खात्यात बँकेतूनच पाठवावा. बाबांचे 3 लाख भेट आहेत की परत करायचे आहेत, हे ठरवा. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे तीन लाख भेट म्हणून दिले तरी त्याची चिंता नको. गावाकडे बाबाच गाडी चालवणार असतील तर अर्थात त्यांचंच नाव लावा. आरसीवर आता नॉमिनी नोंदवता येतो, तो नोंदवा. मुलगाही अधूनमधून चालवणार असेल तर त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या.

मग बाकीच्यांच्या पैशांचं काय? त्यासाठी घरातल्या घरात एक कागद करा. कुणी किती दिले, हप्त्यातला वाटा किती, विम्याचं नूतनीकरण कुणी करायचं, आणि गाडी विकली तर बँकेची बाकी फेडून उरलेली रक्कम कशी वाटायची, एवढं त्यात लिहा. सगळ्यांनी सही करा, दोन साक्षीदार घ्या. हा कागद बँकेला, आरटीओला किंवा विमा कंपनीला बांधील नाही. ती मंडळी आपलीच नोंद बघणार. पण तुमच्या तिघांत काय ठरलं होतं, याचा तो पुरावा असतो.

"नंतर नाव बदलू" या भरवशावर राहू नका. कर्ज चालू असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलत नाही. संमती मिळाली तरी फॉर्म 29 आणि 30 भरायचे, आणि हस्तांतरणानंतर 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी नव्या नावावर करून मागायची. पॉलिसी जुन्याच नावावर राहिली आणि गाडीचं नुकसान झालं, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. आरसीवर एक नाव आणि पॉलिसीवर दुसरं, हे पहिल्याच तपासणीत दिसतं.

कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या, आरसीवरचा बोजा उतरवा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढून घ्या. ते तसंच राहिलं आणि गाडी पूर्ण निकामी झाली, तर फिटलेल्या कर्जाचा दाखला द्यायला पुन्हा बँकेच्या दारात जावं लागतं.