छिद्रपट्टीच्या साहाय्याने नळातील प्रवाहाचे मापन

जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. त्यातील २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे प्रमाणित केले. तथापि घरी नळ असला तरी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळते की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मुख्य नळातील प्रवाह मोजण्याची एक सोपी रीत येथे दिली आहे.

भरून वाहणाऱ्या नळाच्या प्रत्येक भागातून सेकंदाला सारखेच पाणी जाते. म्हणून वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि त्या ठिकाणी दाब उतरतो. हा दाबफरक मोजला की प्रवाह काढता येतो.

उदाहरणार्थ, आतून १०० मिलिमीटर व्यासाच्या नळात दोन जोडकड्यांमध्ये ५० मिलिमीटर छिद्राची धातूची पट्टी बसविली. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या तोट्या उलट्या यू-आकाराच्या काचनळीस जोडल्या. वरच्या भागात हवा असलेल्या या नळीतील पाण्याच्या दोन पातळ्यांत १ मीटर फरक दिसला. या फरकानुसार वेग सेकंदाला ४.४३ मीटर येतो. छिद्राचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर असल्याने गणिताने प्रवाह सेकंदाला ८.७ लिटर निघतो. परंतु छिद्रातून निघालेली धार पुढे आणखी आकसते. म्हणून या मापाच्या पट्टीसाठी सुमारे ०.६२५ ने गुणावे लागते. खरा प्रवाह सुमारे ५.४ लिटर होय. दोन हजार वस्तीला दररोज १,१०,००० लिटर पाणी लागते. ते भरण्यास पंप सुमारे पाच तास चाळीस मिनिटे चालवावा लागेल.

येथे एक चूक सहज होते. पातळीफरक २५ सेंटिमीटरवर आला तर प्रवाह चौथाई झाला असे वाटते. वस्तुतः तो निम्मा, म्हणजे २.७ लिटर असतो. कारण प्रवाह फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. याच कारणाने मंद प्रवाहात फरक फार लहान होतो व वाचन अविश्वसनीय ठरते.

पट्टीची धारदार कड पाणी येणाऱ्या बाजूस हवी. ती झिजली किंवा पट्टी उलटी बसली तर फरक कमी पडतो आणि प्रवाह खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पट्टीच्या अगदी आधी वळण किंवा झडप असल्यासही मापन चुकते. म्हणून आधी पुरेसा लांब सरळ नळ ठेवावा. नळ पाण्याने भरलेला ठेवून प्रवाह बंद केला असता दोन्ही पातळ्या समान याव्यात. तसे न झाल्यास जोडनळ्यांत हवा अडकली आहे असे समजावे व ती काढून टाकावी. शेवटी ज्ञात मापाची टाकी भरण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजून वाचन पडताळून पाहावे.